अंश ते ग्रॅडियन: हाताने की यंत्रावर?

बाणेरच्या प्लॉटवर टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने कोन दाखवला ५४° २७′ ३६″; नकाशा हवा ग्रॅडियनमध्ये.

हाताने करायचं तर आधी दशांश अंश: ३६″ म्हणजे ०.६′, २७.६ भागिले ६० म्हणजे ०.४६. एक ग्रॅडियन म्हणजे ०.९ अंश, म्हणून मग ५४.४६ भागिले ०.९, उत्तर ६०.५१११. आमचा पोरगा घाईत थेट ५४.२७३६ भागतो, ६०.३०४० येतं आणि शंभर मीटरवर खुंटी सुमारे ३२ सेंमी सरकते!

यंत्राच्या सेटिंगमध्ये एकक ‘gon’ म्हणजे ग्रॅडियन केलं की ही चूक होतच नाही. मी तेच करतो. फक्त फील्डबुकातले जुने अंशातले कोन आपोआप बदलत नाहीत. ते हातानेच करावे लागतात. पूर्ण फेरा ४०० दिसला की सेटिंग बदललंय समजा.