ॲक्सेंटचा क्लास की स्पष्ट बोलण्याचा सराव? आयईएलटीएस स्पीकिंगसाठी मी काय निवडलं

स्पीकिंगची तयारी करणाऱ्यांपुढे हल्ली दोन दुकानं असतात. एकात ब्रिटिश किंवा अमेरिकन ॲक्सेंट शिकवतात, दुसऱ्यात ॲक्सेंट आहे तसाच राहू देतात आणि समोरच्याला कळेल असं बोलायला लावतात. मी दोन्ही करून बघितलंय, आधी पहिलं मग दुसरं, त्यामुळे थोडं लिहितो. परीक्षा कशी असते, किती भाग असतात वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देतो.

आधी मार्कांचं बघू, कारण बरेच जण इथेच गल्लत करतात. एक्झामिनर चार गोष्टींना बँड देतो, बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, आणि चौघांचं वजन सारखं. म्हणजे उच्चार पाव हिश्शाचा. आता त्या उच्चाराच्या रकान्यात ॲक्सेंटबद्दल काय म्हटलंय ते बघा. आठच्या बँडला ॲक्सेंटमुळे समजण्यात अगदी किरकोळ फरक पडायला चालतो, नऊच्या बँडला काहीच पडता कामा नये. ‘गोऱ्यासारखा वाटला पाहिजे’ असं कुठेही नाही. म्हणजे ॲक्सेंट मोजलाच जात नाही असंही नाही हं, पण तो समजण्याच्या आड किती येतो एवढंच मोजतात. उलट सहाच्या बँडच्या वर्णनात फार भराभर बोलल्यामुळे किंवा इंग्रजीचा ताल नसल्यामुळे लय बिघडण्याचा उल्लेख आहे, आणि ही दोन्ही दुखणी आपल्याकडे घरोघरी आहेत.

ॲक्सेंटच्या क्लासबद्दल वाईट बोलायचं नाही, पुण्यात मी ज्याला जात होतो तिथले सर मेहनती होते. आर वळवायचा, वॉटरचं वॉडर करायचं, ओठ कसे ठेवायचे, सगळं आरशात बघून करून घ्यायचे. कान तयार झाला हे मान्य, इंग्लिश सीरियल बघताना सबटायटल्सची गरज कमी झाली. पण मला जे खटकलं आणि शेवटी ज्याच्यामुळे मी क्लास सोडला ते म्हणजे तिथला शेरा. दर वेळी एकच, ‘अजून थोडं नॅचरल हवं’. बरं, नॅचरल म्हणजे नेमकं काय कमी पडतंय? कुठला आवाज, कुठला शब्द, वाक्यात कुठे? विचारलं की सर ते वाक्य स्वतः एकदा सुंदर म्हणून दाखवायचे आणि मी पुन्हा म्हणायचो आणि पुन्हा तेच, अजून थोडं नॅचरल. आता घरी जाऊन मी उद्या सकाळी नक्की कशाचा सराव करू हे त्यात कुठेच नाही, आणि महिनाभरानं मी सुधारलो की नाही हे ठरवणार कोण, तर तेच सर, त्यांच्या कानाला काय वाटतं त्यावर. ज्याचं शेवटचं टोक दिसत नाही ते ध्येय मला तरी पचलं नाही. कुणाला पचत असेल.

आणि दुसरं जरा बारीक आहे, पण मार्कांच्या दृष्टीनं महत्त्वाचं. ॲक्सेंट सांभाळताना निम्मं डोकं जिभेकडे असतं. पार्ट थ्रीमध्ये प्रश्न अवघड होतात, तिथे विचारही करायचा आणि आरही वळवायचा म्हटलं की माणूस अडखळतो, वाक्य अर्धवट सोडतो, परत पहिल्यापासून सुरू करतो. समजा उच्चार सहावरून सातवर गेला आणि ओघ सातवरून सहावर आला, तर हातात काय आलं? बेरीज तीच. शिवाय अर्धवट आलेला ॲक्सेंट तीन मिनिटं टिकतो, मग गडी मूळ पुणेरीवर येतो आणि ऐकणाऱ्याला मध्येच कान बदलावा लागतो.

आता दुसरी बाजू. ह्यातली मूळ कल्पना नवीन नाही. कॅनडातले भाषा-संशोधक मन्रो आणि डर्विंग ह्यांनी 1995 मध्ये दाखवलं होतं की ॲक्सेंट किती जड वाटतो आणि बोललेलं किती समजतं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणाऱ्यांनी ज्याला जड ॲक्सेंट म्हटलं त्यातलंसुद्धा बरंचसं त्यांनी शब्द न् शब्द बरोबर लिहून काढलं होतं. मला आवडला तो हा लिहून काढण्याचा भाग, कारण हे घरी करता येतं.

माझ्या मावसबहिणीचं सांगतो, ती नर्स आहे, तिच्या तयारीत आम्ही हेच केलं. तिनं पार्ट टूसारखं दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड केलं, विषय होता कामाची जागा. मग ते दोघांना पाठवलं, माझ्या ऑफिसातला एक मल्याळी सहकारी आणि आतेभावाच्या मेलबर्नमधल्या शेजारीणबाई. विषय सांगितला नाही, फक्त म्हटलं की एकदाच ऐका आणि जे ऐकू येईल ते लिहा, कळलं नाही तिथे रेघ मारा. घरच्यांना किंवा मित्रांना हे अजिबात देऊ नका, त्यांना आपलं सगळंच कळतं.

जे परत आलं ते बघण्यासारखं होतं. तिचा थ आणि द, म्हणजे थिंक, दे, वगैरे, जे ॲक्सेंटवाले सगळ्यात आधी दुरुस्त करायला घेतात, ते दोघांनीही प्रत्येक ठिकाणी बरोबर लिहिले होते. म्हणजे तिथे हात लावायचं कारणच नाही. रेघा पडल्या त्या वेगळ्याच जागी. ‘इक्विपमेंट’ आणि ‘डेव्हलप’वर बाईंनी रेघ मारली, कारण बहीण दोन्हीत पहिल्या अक्षरावर जोर देत होती आणि तो हवा दुसऱ्यावर, इ-क्विप-मंट, डि-व्हे-लप. आवाज सगळे ठीक, जोर चुकला म्हणून अख्खा शब्द गेला. ‘पॅकिंग’चं बाईंनी ‘बॅकिंग’ लिहिलं, मल्याळी सहकाऱ्यानं मात्र ‘पॅकिंग’च लिहिलं. त्याचं कारण असं की इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क बरोबर हवेचा झोत बाहेर येतो आणि तो नसला की त्यांच्या कानाला ब, ड, ग ऐकू येतो. आपला प कोरडा असतो, भारतीय कानाला ते जाणवत नाही, म्हणून एक ऐकणारा बाहेरचा हवाच. तोंडासमोर टिश्यूची पट्टी धरून ‘पॅक’ म्हणा, पट्टी हलली तर जमलं. आपल्याकडे ख आणि ठ आहेत, त्यामुळे झोत काढणं मराठी माणसाला अवघड नाही, तो इंग्रजीत काढायची सवय नसते एवढंच.

मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’ घाईत सारखंच यायचं, त्यामुळे ती तिथे राहते की तिथून निघून जाणारे हे दोघांनी दोन तऱ्हांनी लिहिलं. बेडवरच्या ‘शीट्स’ आखूड झाल्या की काय ऐकू येतं ते इथे लिहीत नाही. आणि शेवटची व्यंजनं, ‘चेंज्ड’, ‘वॉश्ड’, ‘पेशंट्स’, ह्यांची शेपटं गळत होती. हे मला सगळ्यात महागाचं वाटतं, कारण ‘वॉश्ड’चा शेवटचा आवाज ऐकूच आला नाही तर समोरच्याला भूतकाळच चुकला असं वाटणार, म्हणजे उच्चाराबरोबर व्याकरणाच्या रकान्यातही मार खायची पाळी.

ह्यावरून ध्येय ठरवणं सोपं गेलं. सगळं एकदम नाही घेतलं. पहिलं काम वेगाचं आणि जोराचं, कारण ते अख्ख्या बोलण्याला लागू होतं. आपण मराठीत प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या वजनानं म्हणतो आणि तसंच इंग्रजी बोललो की ऐकणाऱ्याला महत्त्वाचा शब्द कुठला ते कळत नाही. तिनं वाक्याचे तुकडे पाडले, तुकड्याच्या शेवटी श्वास, आणि प्रत्येक तुकड्यात एकच शब्द ठळक. ‘आफ्टर द ऑपरेशन, वी चेंज्ड द शीट्स, अँड कॉल्ड द फॅमिली’, ह्यात ऑपरेशन, शीट्स, फॅमिली ठळक आणि बाकीचे दबके. दुसरं काम तिच्या स्वतःच्या विषयांतले पंधराएक शब्द, जे तिला परीक्षेत हमखास लागणार, नर्सिंग, गाव, प्रवास, कुटुंब, त्यांचा जोर डिक्शनरीत बघून वहीत खूण करून ठेवायचा. शब्द सुटा म्हणायचा नाही, वाक्यातच म्हणायचा, नाहीतर सुटा जमतो आणि बोलताना परत जुनाच येतो. तिसरं शेवटची व्यंजनं. ‘वॉश्ड अवर हँड्स’ असं पुढच्या शब्दाला चिकटवून म्हटलं की शेपूट आपोआप टिकतं. प-ट-कचा झोत आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर घेतले. व आणि व्हचा फरक आम्ही सोडूनच दिला, तिच्या बोलण्यात त्यामुळे एकही रेघ पडली नव्हती. तुमच्यात पडली तर घ्या.

सुधारणा झाली की नाही हे कसं कळणार, तर नवा विषय, नवीन ऐकणारा आणि परत रेघा मोजायच्या. तेच रेकॉर्डिंग किंवा तोच माणूस चालत नाही, त्याला तुमच्या बोलण्याची सवय झालेली असते. ह्याच्यात एक उणीव आहे, कबूल करतो, असा माणूस दर वेळी मिळत नाही आणि लोकांना सारखं त्रास द्यायला बरं वाटत नाही. क्लासमध्ये निदान सर हजर असतात. शिवाय रेघ नाही पडली म्हणजे ऐकायला सोपं गेलं असंही नाही, म्हणून आम्ही त्यांना ‘कान देऊन ऐकावं लागलं का’ हेही विचारायचो. वरच्या बँडला नेमका हाच फरक पडतो.

मग ॲक्सेंटचा क्लास कोणी लावावा? नाटक-सिनेमात काम करायचंय, डबिंग करायचंय, किंवा हौसच आहे, तर जरूर लावा, मजा येते. कॉल सेंटरमध्ये कंपनीच मागत असेल तर तोही वेगळा विषय. पण साडेसहा-सात बँड हवाय आणि हातात दोन-तीन महिने आहेत असं असेल तर माझा कल तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. युरोपच्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीतसुद्धा, तेच बी-टू, सी-वन वगैरे, उच्चाराचं कोष्टक 2018 मध्ये नव्यानं लिहिलं आणि त्यात भर समजण्यावरच दिला, त्यामुळे उद्या दुसरी परीक्षा द्यावी लागली तरी ही मेहनत वाया जाईल असं मला वाटत नाही.

एक मात्र बघा, परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात कुठलाही नवीन आवाज हातात घेऊ नका, तो धड येत नाही आणि ओघ बिघडवतो. त्या आठवड्यात फक्त तुकडे आणि श्वास, आणि वहीतले ते पंधरा शब्द.