आठ महिने स्लो मोशन वापरल्यावर: पाच सेकंदांची क्लिप चाळीस सेकंदांची कशी होते

गेल्या वर्षी घेतलेला हा मध्यम किमतीचा फोन मी जवळजवळ फक्त एका कामासाठी वापरतो. आमच्या मैदानावरच्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांचं बोलिंग २४० एफपीएसला शूट करायचं आणि मग त्यांच्यासोबत बसून फ्रेम-फ्रेम बघायचं. आठवड्यातून तीन संध्याकाळी, असे आठ महिने झाले. फोनच्या कॅमेऱ्यावर मी खूश आहे. पण पहिले दोन महिने मी त्याच्या व्हिडिओंवरून चुकीचे आकडे काढत होतो, आणि त्यात फोनचा दोष नव्हता. क्लिपवर दिसणारे सेकंद आणि मैदानावर गेलेले सेकंद वेगळे असतात, हेच मला नीट उमगलं नव्हतं.

एक साधी क्लिप घ्या. बटण दाबून मी बरोबर पाच सेकंद शूट केलं. कॅमेऱ्याने दर सेकंदाला २४० फोटो काढले, म्हणजे एकूण १२०० फ्रेम्स. फाइल उघडली तर लांबी ४० सेकंद. माझा फोन ही फाइल ३० एफपीएसची म्हणून साठवतो. दाखवताना एका सेकंदात ३०च फ्रेम्स पुढे सरकतात, मग १२०० संपायला १२०० भागिले ३०, म्हणजे ४० सेकंद लागतात. कॅमेऱ्याने वेळ ताणलेला नसतो, त्याने फक्त जास्त फ्रेम्स गोळा केलेल्या असतात. ताण पडतो तो दाखवताना, कारण प्रत्येक फ्रेम १/२४० सेकंदाऐवजी १/३० सेकंद पडद्यावर थांबते. आठपट थांबते म्हणून क्लिप आठपट लांब. हीच फाइल २५ एफपीएसने चालवली तर ४८ सेकंदांची होईल. फ्रेम्स मात्र १२००च.

म्हणून आता मी आधी फ्रेम्स मोजतो. क्लिपची लांबी हवी असेल तर दाखवण्याच्या वेगाने भागतो, आणि मैदानावर खरा किती वेळ गेला हे हवं असेल तर शूट केलेल्या वेगाने. कॉम्प्युटरवर मोजायला ही कमांड पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -count_frames \
-show_entries stream=nb_read_frames,avg_frame_rate,duration \
-of default=nw=1 clip.mp4
```

`nb_read_frames` म्हणजे प्रत्यक्ष मोजलेल्या फ्रेम्स. माझ्या क्लिपला तिथे 1200, वेग 30/1 आणि लांबी चाळीस सेकंद येते. मोठ्या फाइलला थोडा वेळ लागतो, कारण प्रत्येक फ्रेम उघडून मोजली जाते.

आता ज्यासाठी हे सगळं करतो ते सांगतो. ट्रायपॉड खेळपट्टीच्या बाजूला, साधारण वीस मीटरवर, दोन्ही टोकं दिसतील असा लावतो. दोन पॉपिंग क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर असतं. आमचा एक मुलगा चेंडू क्रीजच्या थोडा पुढे सोडतो, म्हणून सुटण्यापासून बॅटपर्यंत मी १७ मीटर धरतो. एका चेंडूला ३१२ व्या फ्रेममध्ये चेंडू बोटांतून सुटला आणि ४६० व्या फ्रेममध्ये बॅटला लागला. फरक १४८. इथे १४९ मोजायचा मोह होतो, पण आपल्याला फ्रेम्स नकोत, त्यांच्यामधली अंतरं हवीत. १४८ भागिले २४० म्हणजे ०.६२ सेकंद. त्यावरून सरासरी वेग निघतो ताशी ९९ किलोमीटरच्या आसपास. हा टप्पा पडून बॅटपर्यंतच्या पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग आहे. टीव्हीवर दाखवतात तो हातातून सुटतानाचा असतो आणि यापेक्षा जास्त भरतो, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नये.

दुसऱ्या महिन्यात याच मुलाच्या चेंडूला मला ७४ फ्रेम्स मिळाल्या. २४० ने भागून वेग काढला तर ताशी जवळपास १९८ किलोमीटर! शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात टाकलेला चेंडूही १६१.३ चा होता. मुलगा आनंदाने उड्या मारायला लागला आणि मला त्याला थांबवावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. झालं होतं असं, की त्या दिवशी कॅमेरा १२० वर राहिला होता. फाइल मात्र तेव्हाही ३० एफपीएसचीच म्हणून साठते, म्हणजे फाइलची माहिती बघून हे कळतच नाही. तेव्हापासून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला दुसऱ्या फोनवरचं स्टॉपवॉच पाच सेकंद शूट करतो. ते पाच सेकंद क्लिपमध्ये चाळीस झाले तर २४०, वीस झाले तर १२०.

एका पालकांच्या फोनमधून आलेली क्लिप वेगळीच निघाली. त्यांचा फोन फाइल २४० एफपीएसचीच ठेवतो, लांबी पाचच सेकंद दाखवतो आणि संथपणा चालवताना लावतो. तो फक्त मधल्या भागाला. पहिला आणि शेवटचा एकेक सेकंद नेहमीच्या वेगाने, मधले तीन सेकंद आठपट संथ. त्यांनी ती ॲपमधून ३० एफपीएसला पाठवली तेव्हा लांबी २६ सेकंद झाली: १ अधिक २४ अधिक १. फ्रेम्स उरल्या ७८०. दोन्ही टोकांच्या प्रत्येकी २४० फ्रेम्समधल्या ३० च राहिल्या, बाकीच्या ४२० गेल्या. रन-अप पहिल्या सेकंदात असेल तर तिथे मोजणी २४० ने नाही, ३० ने करावी लागते. त्यामुळे मी पालकांना मूळ फाइलच मागतो.

माझ्या फोनमध्ये ४८० चाही पर्याय आहे आणि मी तो बंद ठेवला आहे. त्यात क्लिप ८० सेकंदांची होते, पण दर दुसरी फ्रेम फोन स्वतः तयार करतो. ओळखायला सोपं आहे: एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडू बघा. एका फ्रेममध्ये चेंडू एकच आणि ठसठशीत दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये दोन पुसट चेंडू शेजारी दिसतात. बघायला छान वाटतं, मोजायला उपयोग नाही.

२४० ची मर्यादाही आहे. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त. चेंडूच्या प्रवासाच्या १४८ फ्रेम्समध्ये एकीची चूक झाली तर एक टक्कासुद्धा फरक पडत नाही. पण पुढचा पाय टेकण्यापासून चेंडू सुटेपर्यंत या मुलाच्या २४ फ्रेम्स भरतात, म्हणजे ०.१ सेकंद. तिथे एक फ्रेम इकडची तिकडे झाली की चार टक्के गेले, आणि १२० वर शूट केलं तर आठ. त्या मोजणीसाठी मी सहा चेंडूंची सरासरी घेतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत संपवतो. नंतर उजेड इतका उतरतो की पाय नेमका कुठल्या फ्रेमला टेकला यावर आम्हा दोघांचं एकमत होत नाही.