रिक्रूटरला पहिला मेसेज: ओळखीने सुरू करायचा की पोझिशनने?

नोकरी शोधताना मी दोन्ही प्रकार वापरून बघितलेत. एक म्हणजे रीतसर सुरुवात, "नमस्कार मॅडम, आशा आहे आपण मजेत असाल, मी सध्या नवीन संधीच्या शोधात आहे." दुसरी थेट, "तुमच्या बॅकएंड डेव्हलपरच्या पोस्टसाठी लिहितोय, जावा 6 वर्षं, त्यातली 4 पेमेंट सिस्टीमवर."

पहिलीत वाईट काहीच नाही, उलट ती नम्र आहे आणि ओळखीतल्या माणसाला लिहिताना मी अजूनही तसंच लिहितो. पण अनोळखी रिक्रूटरला तशा सुरुवातीने लिहिलं की मला एकच उत्तर परत परत यायचं, "कोणत्या पोझिशनसाठी?" ते पण दोन-तीन दिवसांनी. मग मी सांगायचो, सीव्ही पाठवायचो, आणि एकदा तर तोपर्यंत इंटरव्ह्यूची यादी लागून गेली होती. खरं तर पोझिशनचं नाव माझ्या मेसेजमध्ये होतं, फक्त चौथ्या ओळीत होतं, तिथपर्यंत कोणी पोचलंच नव्हतं. याचा मला खूप त्रास झाला, कारण मेसेज लिहायला मी अर्धा तास घालवला होता.

नंतर एका रिक्रूटर मैत्रिणीच्या शेजारी बसून तिचा इनबॉक्स बघितला तेव्हा कारण कळलं. मेसेज न उघडता यादीत फक्त नाव आणि पहिले काही शब्द दिसतात, आणि तिथे एकाखाली एक "नमस्कार, आशा आहे आपण..." असंच होतं, कोण टेस्टर, कोण अकाउंटंट काही कळायला मार्ग नाही. तिच्या हातात एका वेळी बऱ्याच ओपन पोझिशन्स असतात, त्यामुळे यादीवरून नजर फिरवताना ती एवढंच बघते की हा माझ्या कुठल्या पोझिशनचा माणूस आहे. ते दिसलं की उघडते, नाही दिसलं तर "नंतर बघू", आणि ते नंतर बहुतेक वेळा येत नाही.

म्हणून मी "नमस्कार" एवढा एक शब्द ठेवतो आणि लगेच पोझिशन, जाहिरातीत जसं नाव आहे तसंच, आणि एकाच नावाच्या दोन जागा असतील तर जॉब आयडी पण. त्यानंतर जाहिरातीतल्या मुख्य अटीला लागू पडणारी एकच गोष्ट, सगळी स्किल्स नाहीत. नोटीस पिरियड दुसऱ्या ओळीत.

अर्थात जागा निघालेलीच नसेल तर ही सुरुवात चालत नाही, तिथे आधी ओळखच करून द्यावी लागते. आणि त्यांच्याच टीममधल्या कोणी खरंच तुम्हाला पाठवलं असेल तर पोझिशनच्याही आधी त्याचं नाव टाका, अर्थात त्याला विचारून, कारण रिक्रूटर मेसेज वाचल्यावर त्यालाच जाऊन विचारते.