टीडी की टीडॅप? गरोदरपणातील लसींचा तुलनात्मक आढावा

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलेल्या गरोदर स्त्रीला टीडीची लस विनामूल्य मिळते आणि खाजगी डॉक्टर तिलाच सातव्या महिन्यात टीडॅप घ्यायला सांगतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न हाच निघतो की एकाच कामाच्या दोन लसी कशासाठी घ्यायच्या. नावे जवळजवळ सारखी असल्याने हा गोंधळ स्वाभाविक आहे. मात्र दोन्हींची कामे पूर्णपणे एकच नाहीत.

टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांविरुद्धचे घटक असतात. पूर्वी याच जागी केवळ धनुर्वाताची टीटी लस दिली जात असे आणि आजही अनेक आजीबाई टीडीला ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ म्हणूनच ओळखतात. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे नवजात बाळांना होणारा धनुर्वात भारतात आटोक्यात आला, त्यात सुरक्षित बाळंतपणाइतकाच या लसीचा वाटा आहे. टीडॅपमध्ये हे दोन्ही घटक असतातच, शिवाय डांग्या खोकल्याविरुद्धचा तिसरा घटक असतो. म्हणजे टीडॅप घेतली की त्या वेळच्या टीडीच्या डोसाचे काम त्यातच होते, परंतु टीडी घेतल्याने टीडॅपचे काम होत नाही. दोन्हींमध्ये जिवंत जंतू नसून निष्क्रिय केलेली विषद्रव्ये आणि जंतूंचे शुद्ध केलेले अंश असतात, त्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांत निवड करण्यासारखे काही नाही. दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण येते. फरक खर्चात मात्र आहे: टीडॅप साधारणपणे खाजगी रुग्णालयातच मिळते आणि तिला हजार रुपयांहून अधिक लागतात.

हा खर्च कशासाठी करायचा, हे बाळाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांकडे पाहिल्यावर कळते. बाळाला डांग्या खोकल्याविरुद्धचा स्वतःचा पहिला डोस सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लसीतून मिळतो, पुढचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. तोपर्यंत बाळ उघडे असते आणि हा आजार सर्वांत घातक ठरतो तो याच वयात. मोठ्या मुलांत खोकल्याच्या उबळीनंतर जो ‘हूप’ असा आवाज येतो, तो इतक्या लहान बाळात बहुधा येतच नाही. बाळाचा श्वास काही क्षण थांबतो, ओठ निळे पडतात, ते दूध ओढेनासे होते. असे दिसल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. हा संसर्ग बाळाला बहुतेक वेळा घरातल्याच माणसांकडून होतो, ज्यांना स्वतःला नुसता लांबलेला खोकला वाटत असतो.

आईने लस घेतल्यावर तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात. ही प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे नुसती झिरपत नाहीत. वारेच्या पेशी त्यांना धरून पलीकडे पोहोचवतात. हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होत असले तरी त्याला खरा वेग येतो तो २८ आठवड्यांनंतर, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात त्यांचे प्रमाण आईइतके किंवा तिच्याहून किंचित अधिकही असू शकते. म्हणूनच टीडॅपसाठी २७ ते ३६ आठवड्यांचा काळ सांगितला जातो आणि त्यातही सुरुवातीचे आठवडे मला अधिक योग्य वाटतात, कारण बाळ वेळेआधी जन्मले तरी त्याच्या वाट्याला काही संरक्षण आलेले असते. ब्रिटनमध्ये २०१२पासून गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याची लस दिली जाते. तेथे तीन महिन्यांखालील बाळांमध्ये या आजारापासून सुमारे ९० टक्के संरक्षण दिसून आले. मात्र आईकडून मिळालेली प्रतिपिंडे दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटत जातात. त्यामुळे बाळाचा सहाव्या आठवड्याचा डोस टाळता येत नाही, आणि मागच्या खेपेला टीडॅप घेतलेली असली तरी प्रत्येक गरोदरपणात ती पुन्हा घ्यावी लागते.

एक उदाहरण घेऊ. एका स्त्रीची शेवटची पाळी १० जानेवारी २०२५ रोजी आली. पहिल्या गरोदरपणात तिने टीडीचे दोन डोस घेतले होते, दुसरा नोव्हेंबर २०२२मध्ये. मागील डोसांना तीन वर्षे झालेली नसल्याने सरकारी वेळापत्रकाप्रमाणे तिला या वेळी एकच बूस्टर पुरतो. तिचे २७ आठवडे १८ जुलैला पूर्ण होतात आणि ३६ आठवडे १९ सप्टेंबरला. खर्च झेपत असेल तर तो एक डोस टीडीऐवजी टीडॅपचा असावा आणि शक्यतो जुलैअखेर घ्यावा. नोंदणीच्या वेळीच टीडी बूस्टर दिला गेला असला, तरीही जुलैत टीडॅप घेता येते. पहिलटकरणीचा हिशेब निराळा आहे: तिने टीडीचा पहिला डोस नाव नोंदवतानाच घ्यावा आणि दुसऱ्याच्या जागी, किमान चार आठवड्यांच्या अंतराने, २७ आठवड्यांनंतर टीडॅप घ्यावी. खर्च झेपत नसेल तर टीडीचे ठरलेले डोस कोणत्याही परिस्थितीत चुकवू नयेत.

याच स्त्रीचा शेवटचा तिमाही पावसाळ्यात येतो आणि आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यातच असते. गरोदरपणात फ्लू फुप्फुसांपर्यंत लवकर उतरतो, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला ही लस देताच येत नाही, म्हणून आईने घेतलेली लस दोघांच्याही उपयोगी पडते. येथे निवड करताना दक्षता हवी: दंडात टोचायची निष्क्रिय लस कोणत्याही महिन्यात चालते, नाकात फवारायची लस मात्र जिवंत विषाणूंची असल्याने गरोदरपणी चालत नाही. अनेक डॉक्टर २६ आठवड्यांपर्यंत थांबतात. पावसाळा तोंडावर असेल तर थांबण्याचे कारण मला दिसत नाही. फ्लूची लस आणि टीडॅप एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात.

जिवंत लसी टाळण्यामागचे कारण साधे आहे. गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांच्या लसीतील विषाणू क्षीण केलेला असला, तरी तो शरीरात वाढतो, आणि वाढणारा विषाणू वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता तत्त्वतः उरते. नैसर्गिक रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाल्यास बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू आणि हृदयातील दोष होऊ शकतात, म्हणून ही सावधगिरी. परंतु दिवस गेल्याचे ठाऊक नसताना रुबेलाची लस घेतली गेलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये लसीमुळे असे दोष झाल्याचे आढळलेले नाही. अशा प्रसंगी डॉक्टरांना सांगावे. केवळ त्या कारणाने गर्भपाताचा विचार करू नये. हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण भीतीपोटी तसे निर्णय घेतले जाण्याचा धोका असतो. याच भीतीतून उलट चूकही होते: कुत्रा चावल्यावर ‘पोटुशी आहे’ म्हणून रेबीजची लस लांबवली जाते. ती निष्क्रिय लस आहे, रेबीज झाल्यास जीव वाचत नाही, म्हणून ती त्याच दिवशी सुरू करावी.

गरोदरपणातील रक्ततपासणीत रुबेलाविरुद्ध प्रतिपिंडे नसल्याचे दिसले, तर ती लस बाळंतपणानंतर घरी सोडण्यापूर्वीच मागून घ्यावी. अंगावर पाजत असतानाही ती चालते. मात्र त्यानंतर किमान एक महिना पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत.