राखीव चलन व्हावं का? डॉलर, फ्रँक आणि युआन यांचे तीन अनुभव

15 जानेवारी 2015, सकाळचे साडेदहा. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केलं की एका युरोचा भाव 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे तीन वर्षांहून जास्त काळ पाळलेलं धोरण आता संपलं. काही मिनिटांतच युरो एका फ्रँकच्याही खाली घसरला. ज्या स्विस कारखान्याने 10 लाख युरोची ऑर्डर घेतली होती, त्याला त्यातून सकाळी 12 लाख फ्रँक मिळणार होते. संध्याकाळी ते 10 लाखांच्या आसपास आले. पगार मात्र फ्रँकमध्येच द्यायचे होते, तेही जुन्याच आकड्याने.

आपलं चलन राखीव चलन व्हावं, म्हणजे जगातल्या मध्यवर्ती बँकांनी ते साठवावं, असं ज्या देशाच्या धोरणकर्त्यांना वाटतं, त्यांनी आधी ही सकाळ डोळ्यांसमोर आणावी. सत्तेची आणि प्रतिष्ठेची चर्चा त्यानंतर करावी.

परक्या देशाची मध्यवर्ती बँक तुमचं चलन घेते म्हणजे नोटांच्या थप्प्या रचत नाही. ती प्रामुख्याने तुमच्या सरकारचे रोखे, म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाचे कागद, घेते. घेताना तिला तीन गोष्टी हव्या असतात. महागाईने किंमत कुरतडली जाऊ नये, कायद्याचा भरवसा असावा, आणि गरज पडेल त्या दिवशी मोठी रक्कम भाव न पाडता, कुणाची परवानगी न मागता विकता यावी. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच देशांकडे असतात. घोडं अडतं ते तिसऱ्या गोष्टीपाशी.

जगातल्या मध्यवर्ती बँकांची परकीय गंगाजळी, म्हणजे परक्या चलनांचा साठा, 12 लाख कोटी डॉलरच्या वर आहे. त्यातला फक्त एक टक्का तुमच्याकडे वळला तरी 12,000 कोटी डॉलर झाले. स्विस केंद्र सरकारचं सगळं कर्ज 2014 च्या सुमारास 11,000 कोटी फ्रँकच्या आसपास होतं, आणि तेव्हा फ्रँक आणि डॉलर जवळपास बरोबरीला होते. म्हणजे जगाने एक टक्का मागायचं ठरवलं असतं तर देशाचे सगळेच्या सगळे रोखे देऊनही ते पुरले नसते. शिस्तीने कर्ज कमी ठेवलेल्या देशाकडे विकायला रोखेच कमी असतात. उलट अमेरिकी सरकारच्या बाजारातल्या रोख्यांची रक्कम 25 लाख कोटी डॉलरच्याही पुढे आहे. तिथे शंभर-दोनशे कोटींचा व्यवहार कुणाच्या लक्षातही येत नाही.

फ्रँकचं झालं ते असं. युरोपात 2010-11 मध्ये कर्जसंकट उसळलं आणि घाबरलेला पैसा झुरिचकडे धावला. 2007 मध्ये एका युरोला 1.60 फ्रँकहून जास्त पडत होते. ऑगस्ट 2011 मध्ये भाव जवळपास बरोबरीला आला. 6 सप्टेंबर 2011 ला मध्यवर्ती बँकेने 1.20 ची मर्यादा घातली आणि ती राखण्यासाठी लागेल तेवढं परकीय चलन विकत घेऊ असं सांगितलं. लागलंही तेवढंच! 2014 अखेरीस तिच्याकडे सुमारे 50,000 कोटी फ्रँकचं परकीय चलन साठलं होतं, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या तीन-चतुर्थांशाएवढं. मर्यादा सोडली त्याच दिवशी व्याजदर उणे 0.75 टक्के केला, म्हणजे पैसे ठेवणाऱ्यालाच भुर्दंड. हा उपाय त्यांना नवा नव्हता. 1970 च्या दशकात परदेशी ठेवींवर एका टप्प्यावर तिमाहीला 10 टक्के शुल्क लावून त्यांनी लोकांना अक्षरशः परतवलं होतं. घेतलेल्या साठ्याची जोखीमही शेवटी बँकेच्याच गळ्यात पडली. 2022 मध्ये तिला 13,000 कोटी फ्रँकहून मोठा तोटा झाला आणि केंद्राला व कँटनांना, म्हणजे प्रांतांना, त्या वर्षासाठी नफ्याचा वाटा मिळाला नाही. एवढं होऊनही जगाच्या गंगाजळीत फ्रँकचा वाटा एका टक्क्याच्याही खाली आहे. माझ्या मते फ्रँकच्या बाबतीत ओझं जवळपास पूर्ण आलं, लाभ चिमूटभर.

जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा आज 57 टक्क्यांच्या आसपास आहे, शतकाच्या सुरुवातीला 70 च्या वर होता. त्याचे फायदे खरे आहेत. अमेरिका स्वतःच्या चलनात कर्ज काढते, त्यामुळे डॉलर घसरला तरी कर्ज फुगत नाही. शंभराची नोट काही सेंटमध्ये छापली जाते आणि परदेशात जाऊन वर्षानुवर्षं तिथेच राहते, म्हणजे अमेरिकेला मिळालेलं बिनव्याजी कर्जच. 2008 चं संकट अमेरिकेच्या गृहकर्जांतून उभं राहिलं, तरी घाबरलेला पैसा अमेरिकेच्याच रोख्यांकडे पळाला. दुसरा कुठलाही देश असता तर त्याचं चलन कोसळलं असतं.

पण याच सवलतीची दुसरी बाजू त्याच वर्षी दिसली. परदेशी बँकांनी डॉलरमध्ये कर्ज काढलं होतं आणि त्यांना डॉलर मिळेनात. तेव्हा फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, इतर मध्यवर्ती बँकांना अदलाबदलीच्या कराराने डॉलर पुरवले. डिसेंबर 2008 मध्ये ही रक्कम 58,000 कोटींच्या वर गेली. मार्च 2020 मध्ये पुन्हा तेच करावं लागलं. ज्याचं चलन जग वापरतं, त्याला जगाचा शेवटचा सावकारही व्हावं लागतं.

आणखी एक ओझं देशात विषम पडतं. सततच्या परदेशी मागणीने डॉलर महाग राहतो. त्याने सरकारला स्वस्त कर्ज आणि ग्राहकाला स्वस्त आयात मिळते, तर निर्यात करणाऱ्या कारखान्याचा माल बाहेर महाग पडतो. राखीव चलनाच्या देशाला व्यापारतूट अटळच असते असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. 1950 च्या दशकात अमेरिका व्यापारात शिलकीत होती आणि कर्ज, मदत, गुंतवणूक यांतून बाहेर डॉलर पुरवत होती. ते डॉलर सोन्यात बदलून देण्याचं वचन मात्र साठा कमी पडू लागल्यावर टिकलं नाही आणि 15 ऑगस्ट 1971 ला मोडलं.

युआनची अडचण वेगळी आहे. चीनची अर्थव्यवस्था प्रचंड, रोखेबाजारही मोठा, ऑक्टोबर 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष आहरण हक्कांची किंमत ज्या मोजक्या चलनांवरून ठरते, त्यांच्या टोपलीत स्थानही मिळालं. तरी जगाच्या गंगाजळीत वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. कारण ऑगस्ट 2015 मध्ये सापडतं. युआनचं थोडं अवमूल्यन झालं, पैसा बाहेर धावू लागला आणि सरकारने दारं आवळली. जून 2014 ला जवळपास चार लाख कोटी डॉलर असलेली चीनची गंगाजळी जानेवारी 2017 पर्यंत तीन लाख कोटींच्या किंचित खाली आली. चीनच्या दृष्टीने दार आवळणं समजण्यासारखं होतं, बँका आणि विनिमयदर त्याने वाचले. पण साठवणाऱ्याने त्यातून एवढंच टिपलं की अडचणीच्या दिवशी हे दार बंद होऊ शकतं.

दार बंद होण्याचा प्रश्न 2022 नंतर डॉलर-युरोलाही लागू झाला. रशियाची सुमारे 30,000 कोटी डॉलरची गंगाजळी गोठवली गेली, त्यातला मोठा भाग युरोपात होता. त्याच वर्षी मध्यवर्ती बँकांनी 1,000 टनांहून जास्त सोनं घेतलं.

म्हणून ज्याला हा निर्णय घ्यायचा आहे त्याने आधी आपल्या रोख्यांची बेरीज 12,000 कोटी डॉलरशी ताडून पाहावी. ती कमी असेल तर स्वित्झर्लंडसारखं दार किलकिलं ठेवणंच बरं. पुरेशी असेल आणि तरी भांडवल आत-बाहेर मोकळं सोडायची तयारी नसेल, तर व्यापाराची बिलं स्वतःच्या चलनात करावीत आणि तिथेच थांबावं. त्यात विनिमयदराचा धोका कमी होतो आणि कुणाला उत्तरही द्यावं लागत नाही. दोन्ही असतील, तर निर्यातदारांना काय सांगायचं आणि परक्या बँकांना संकटात किती उधार द्यायचं, हे संसदेत आधीच ठरवून घ्यावं, कारण 2008 सारख्या आठवड्यात त्यासाठी वेळ मिळत नाही.