स्टोन वॉश, एन्झाइम वॉश आणि पीच फिनिश: आठ महिने वापरल्यावर

तीन पँट, आठ महिने, प्रत्येकीच्या चाळीसेक धुलाया. दोन जीन्स चौरस यार्डाला साधारण 12 औंस वजन भरणाऱ्या कापडाच्या, एक स्टोन वॉश आणि एक एन्झाइम वॉश. तिसरी पीच फिनिशची सुती ट्राउझर, गडद खाकी. दुकानात हात लावून बघितलं तर एन्झाइमवाली सगळ्यात मऊ आणि स्टोन वॉशवाली सगळ्यात राठ होती. आज टिकाऊपणाचा क्रम याच्या उलटा आहे.

डेनिमचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. नीळ उभ्या धाग्याच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढराच राहतो. म्हणून वरचा थर घासला की पांढरं दिसतं. स्टोन वॉशमध्ये आधी खळ काढतात, मग मशीनच्या ड्रममध्ये प्यूमिस दगडांबरोबर जीन्स फिरवतात. 50 किलो मालाला साधारण तेवढेच दगड आणि तासभर, हे मध्यम वॉशचं गणित. दगड उंचवट्यांवर आपटतो: शिवणी, खिशाच्या कडा, पायाची दुमड. इजा तिथे जास्त, मांडीच्या सपाट भागाला कमी. आठ महिन्यांनी नेमकं तेच दिसतंय. दोन्ही पायांच्या दुमडीला झालर सुटली आहे, मागच्या खिशाची कड विरली आहे, बाकी कापड शाबूत. दुमड कापून पुन्हा शिवली की ही जीन्स आरामात वर्षभर चालेल.

एन्झाइम वॉशचं नुकसान असं डोळ्यांना दिसत नाही. त्यात सेल्युलेज वापरतात, म्हणजे सुताचा सेल्युलोजच तोडणारं विकर. 50 किलो मालाला अर्धा ते एक किलो, सुमारे 50 अंश तापमान, पाऊण ते एक तास. विकर निळा-पांढरा धागा ओळखत नाही, म्हणून आडवा धागाही थोडा झिजतो. आम्लधर्मी सेल्युलेज, पीएच 5 च्या आसपास चालणारं, काम लवकर उरकतं, पण ताकद जास्त खातं आणि सुटलेली नीळ पांढऱ्या धाग्यावर परत बसवतं. पीएच 6 ते 7 ला चालणारं उदासीन सेल्युलेज सावकाश आणि सौम्य. खरी चूक शेवटी होते. विकर थांबवायला सोडा ॲश घालून पीएच 10 पर्यंत न्यायचा आणि पाणी 80 अंशांवर दहा मिनिटं ठेवायचं असतं. ही पायरी वाचवली, तर ओलसर मालात विकर पुढेही काम करत राहतं. कपडा वॉशिंगमधून सुंदर निघतो आणि कमजोरी घरी कळते.

ती का लपते, हे समजून घेण्यासारखं आहे. कापड फाटताना धागे सरकून एकमेकांजवळ येतात आणि गुच्छाने जोर झेलतात. वॉशच्या शेवटी सिलिकॉनचं सॉफ्टनर देतात, त्याने धागे सहज सरकतात आणि कमजोर कापडही फाटायला जड जातं. धुलाईगणिक सिलिकॉन कमी होतं, धागे अडकून एकेक करून तुटू लागतात. या जीन्सचा पुढच्या खिशाचा कोपरा सहाव्या महिन्यात फाटला. शिवण जागेवर राहिली, तिच्या कडेने कापडच गेलं. खिशाचं पांढरं अस्तर पहिल्यापासून निळसर होतं, परत बसलेल्या नीळेची ती खूण. आम्लधर्मी विकर वापरल्याची शंका तिथेच यायला हवी. स्टोन वॉशवालीचं अस्तर याहून बरंच स्वच्छ निघालं.

पीच फिनिशमध्ये कापड एमरी कागद लावलेल्या रुळांवरून जातं. पृष्ठभागावर जो धागा वर तरंगतो त्याचे तंतू तुटून बारीक लव उभी राहते. लव म्हणजे धाग्यातूनच कापून काढलेलं सूत, त्यामुळे जितकी दाट लव तितका धागा बारीक. विणीत गाठ किंवा जाड धागा असेल तर तिथे एमरी जास्त खाते. घेताना कापड उजेडासमोर धरा, विरळ ठिपके किंवा पट्टे दिसले तर परत ठेवा. या ट्राउझरने पहिल्या चार धुलायांत बराच कापूस सोडला. आता मांड्यांच्या आतल्या बाजूला लव पूर्ण गेली आहे आणि तिथला रंग शेजारच्यापेक्षा गडद दिसतो, कारण लव प्रकाश विखुरते आणि रंग फिका भासवते. बसण्याच्या जागी बारीक गोळ्या आल्या आहेत. फाटलेली मात्र कुठेच नाही.

धुताना तिन्ही उलट्या करून, थंड पाण्यात. पीच फिनिशला एक वेगळी काळजी लागते: डिटर्जंटच्या पाकिटावर घटकांत सेल्युलेज आहे का ते वाचा. रंग ताजा दिसावा म्हणून ते वरचे तंतू काढतं, आणि पीच फिनिशमध्ये पैसे त्या तंतूंचेच दिलेले असतात. ब्रश अजिबात नको.

रोज दुचाकी किंवा उभं राहून काम असेल तर स्टोन वॉश घ्यावी, पण दुमडीला आधीच तुटलेले धागे दिसत नाहीत ना ते बघून. एन्झाइम वॉश घेताना खिसे उलटे करून अस्तर बघा. ते पांढरं असेल तर घ्यायला हरकत नाही.