फोनवरचं बोलणं एकीच्या तोंडी लिहिताना: प्रश्न गाळायचे की मुरवायचे?

काटोलच्या मोठ्या आईशी, म्हणजे थोरल्या काकूशी, संत्र्याच्या बागेबद्दल फोनवर बोलले, तिला विचारून ते रेकॉर्ड केलं आणि नागपुरात घरी बसून शब्दन्‌शब्द उतरवलं. आता दोघींचं हे बोलणं तिच्या एकटीच्या तोंडी, 'मी' म्हणून सलग लिहायचं आणि ती ज्या क्रमाने बोलली तो क्रमही मोडायचा नाही. असं काम तुमच्याकडे असेल, तर दोन पद्धती आहेत. पहिलीत आपले प्रश्न सरळ गाळून तिची उत्तरं एकापाठोपाठ जोडायची. दुसरीत प्रश्नातला मजकूर तिच्या उत्तरात मुरवायचा. मी दोन्ही करून पाहिल्या.

उतरवलेला एक तुकडा खाली आहे. त्यात ताण तोडणं म्हणजे बहार यावा म्हणून झाडांचं बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू करणं:

मी: आंब्या बहाराचा ताण मोठे बाबा कधी तोडायचे? संक्रांतीच्या आधी की नंतर?
मोठी आई: नंतर.
मी: विहिरीच्या पाण्याने?
मोठी आई: हो. पन पहिलं पानी हलकं. त्या साली विहीर आटली होती, मंग टँकर आनला.
मी: ते गारपिटीचं साल का?
मोठी आई: नाही, त्याच्या आधीचं.

पहिल्या पद्धतीने हाती येतं ते असं: 'नंतर. हो. पन पहिलं पानी हलकं...' आणि शेवटी 'नाही, त्याच्या आधीचं.' कशाच्या नंतर, कशाच्या आधी, काही कळत नाही, कारण ती नावं प्रश्नात होती आणि प्रश्न गेले.

दुसऱ्या पद्धतीने: 'आमचे हे आंब्या बहाराचा तान संक्रांतीनंतर तोडत. पानी विहिरीचं, पन पहिलं पानी हलकं. त्या साली विहीर आटली होती, मंग टँकर आनला. ते साल गारपिटीच्या आधीचं.' क्रम तोच राहिला आणि अर्थही लागला. 'मोठे बाबा' मात्र माझ्या तोंडचं नातं होतं. बोलणारी ती झाली, की ते 'आमचे हे' होतात. मुरवलेले शब्दही तिच्याच बोलीत हवेत, नाहीतर 'पानी'च्या शेजारी 'ताण' आला की ठिगळ दिसतं.

दुसऱ्या पद्धतीचा खरा धोका होकारात आहे. पुढे मी विचारलं, 'कर्जाचं टेन्शन आलं असेल ना तुला?' ती म्हणाली, 'हं.' हे मुरवलं तर 'मला कर्जाचं टेन्शन आलं होतं' असं वाक्य तयार होतं, आणि ते ती बोललीच नाही, मी बोलले. फोनवरचं 'हं' म्हणजे बहुतेक वेळा 'ऐकतेय' एवढंच. म्हणून मी नियम केला: स्पष्ट 'हो' असेल किंवा ती तोच धागा स्वतः पुढे नेत असेल, तरच प्रश्नातला मजकूर घ्यायचा. नुसतं 'हं' असेल तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही सोडायचे.

क्रमाचा कस लागतो तो दुरुस्तीच्या ठिकाणी. टँकरच्या खर्चावर आम्ही बराच वेळ बोललो आणि मग ती म्हणाली, 'थांब, टँकर नाही. शेजारच्या विहिरीवरून पाईप टाकला होता.' मागे जाऊन 'टँकर' खोडावा असं फार वाटतं. पण तसं केलं, तर मधलं खर्चाचं सगळं बोलणं निराधार होतं. मी दुरुस्ती जिथे आली तिथेच ठेवली: 'मघाशी टँकर म्हटलं ते चुकलं, शेजारच्या विहिरीवरून पाईप टाकला होता.' घटनांचा क्रम आणि बोलण्याचा क्रम वेगळे असतात, आणि इथे आपण दुसरा जपतोय.

यासाठी उतरवलेल्या प्रत्येक बोलण्याला आधीच आकडा द्या आणि मसुद्यातल्या वाक्यापुढे तो कंसात राहू द्या. शेवटी आकडे चढत्या क्रमाने येतात का ते पाहा. मागचा आकडा पुढे दिसला, की वाक्य हललं. तुमच्या 'हो-हो' मुळे तिचं एक वाक्य दोन तुकड्यांत उतरलं असेल, तर आकडे देण्याआधी ते जोडून घ्या.

'आपण' या शब्दावर मात्र दोन्ही पद्धती अडखळतात. 'आपण तेव्हा तिकडेच राहायचो' यातल्या 'आपण'मध्ये मी होते. सलग निवेदनात तो वाचणाऱ्यालाही ओढून घेतो, म्हणून तिथे 'मी आणि पुतणी' असं लिहावं लागतं. घरच्यांपुरतं असेल तर 'आम्ही' चालतं.

निवड कशी करायची? एक पान घेऊन दहा उत्तरं पाहा. बोलणारी व्यक्ती एकेका उत्तरात पाच-सहा वाक्यं बोलत असेल, तर प्रश्न गाळा. तिचं बोलणं जसंच्या तसं राहतं आणि आपला हात कमीत कमी लागतो. दहातली तीन-चार जरी एक-दोन शब्दांची असली, तर मुरवण्यावाचून इलाज नाही. माझ्या मते फोनवरच्या बोलण्याला बहुधा दुसरीच लागते, कारण समोर माणूस नसला की आपण जास्त विचारतो आणि ते थोडक्यात सांगतात.

मुरवलेले शब्द मी शेवटपर्यंत वेगळ्या रंगात ठेवले आणि तेवढेच मोठ्या आईला फोनवर वाचून दाखवले. संक्रांत तिला पटली. 'पानी विहिरीचं' ऐकून म्हणाली, 'आधी विहिरीचं, मंग बोअरचं.' ते वाक्य नवीन आकडा देऊन सर्वांत शेवटी गेलं.